श्वास घेताना भोसकल्यासारखं दुखतं ते नेमकं कुठं दुखतं?

प्रश्न: "भाऊ २६ वर्षांचा आहे, नागपुरातच असतो. दहा दिवसांपूर्वी ताप आला आणि उजव्या बरगडीत असं दुखायला लागलं की श्वास पूर्ण घेताच येईना, सोबत उजवा खांदा पण दुखत होता. डॉक्टर म्हणाले फुफ्फुसाला दुखत नसतं, त्याच्या आवरणाला दुखतं. म्हणजे काय? आणि खांदा कशानं दुखला? आता दोन दिवसांपासून दुखणं जवळपास गेलंय, फक्त जिना चढला की धाप लागते. एक्स-रे काढायचा राहिलाय, आता काढायची गरज आहे का?"

उत्तर:

हो, गरज आहे, आणि आजच काढा. दुखणं गेलं आणि धाप सुरू झाली, या दोन गोष्टी एकामागोमाग झाल्यात हेच मला सगळ्यात जास्त खटकतंय. अशा वेळी छातीत पाणी भरत असण्याची शक्यता बरीच असते. पाणी भरलं की दुखणं का थांबतं ते खाली सांगतो, पण त्यासाठी आधी हे दुखणं येतं कुठून ते समजून घ्यावं लागेल.

फुफ्फुसाभोवती प्लुरा नावाचं पातळ आवरण असतं, त्याचे पदर दोन. एक पदर फुफ्फुसाला घट्ट चिकटलेला, फुफ्फुसाच्या खाचाखोचांत सुद्धा शिरलेला, त्याला आतला पदर म्हणू. दुसरा पदर छातीच्या भिंतीला आतून लागलेला असतो, म्हणजे बरगड्यांना, खाली छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, आणि मध्ये हृदयाच्या बाजूला, तो बाहेरचा पदर. दोन्हीच्या मध्ये मोठ्या माणसात एका बाजूला साधारण १० मिलीच्या आसपास पाणी असतं, बस एवढंच, आणि त्या ओलाव्यावर दोन्ही पदर दिवसभर एकमेकांवरून सरकत राहतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता दोन्ही पदर दिसायला सारखेच, एकमेकांना चिकटून बसलेले, पण त्यांच्या नर्व्ह पूर्ण वेगळ्या. गर्भात फुफ्फुस तयार होतं तेव्हा आतला पदर अवयवांसोबत वाढतो, म्हणून त्याला नर्व्ह मिळतात त्या आतड्या-हृदयाला असतात तशा, म्हणजे व्हेगस आणि सिम्पथेटिक. बाहेरचा पदर वाढतो छातीच्या भिंतीसोबत, म्हणून त्याला नर्व्ह मिळतात त्या भिंतीच्या, म्हणजे बरगड्यांच्या मधून जाणाऱ्या इंटरकॉस्टल नर्व्ह. याच इंटरकॉस्टल नर्व्ह वरच्या कातडीला आणि मधल्या स्नायूंनाही जातात. कातडीला सुई टोचली तर डोळे मिटून सुद्धा आपण जागा बरोबर सांगतो ना, तेवढ्याच नेमकेपणानं मेंदूला बाहेरच्या पदराची जागा कळते. म्हणून प्लुराचं दुखणं असलेला माणूस एक बोट ठेवून जागा दाखवतो. आमच्याकडे ओपीडीत खेड्यावरून आलेले पेशंट सांगतात, "डॉक्टर, श्वास घ्याले गेलं का इथंच कचकन भोसकते," आणि ते "इथंच" म्हणताना बोट खरंच एकाच बरगडीवर असतं. हार्टवाला पेशंट असं बोट सहसा ठेवत नाही, तो अख्खा पंजा छातीवर ठेवतो नाहीतर मूठ आवळून दाखवतो, कारण हृदयाची वेदना आतल्या नर्व्हनं जाते आणि मेंदूला तिची जागा धड कळत नाही.

फुफ्फुसाला नर्व्हच नाहीत असं मात्र समजू नका. भरपूर आहेत, पण त्यांचं काम वेगळं आहे. फुफ्फुस किती फुगलं हे सांगणारे रिसेप्टर आहेत, धूर-धूळ लागली की खोकला काढणारे आहेत आणि अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या शेजारी बसलेले जे-रिसेप्टर आहेत, जे आपल्या दिल्लीच्या डॉ. पेंटल यांनी शोधले. फुफ्फुसात रक्त किंवा पाणी तुंबलं की हे जे-रिसेप्टर व्हेगसमधून निरोप पाठवतात आणि माणूस भराभर उथळ श्वास घ्यायला लागतो. म्हणजे फुफ्फुस तक्रार करतं, पण ती खोकल्याच्या आणि धापेच्या रूपात करतं, टोचणाऱ्या वेदनेच्या रूपात करत नाही. श्वासनळी आणि मोठ्या ब्रॉन्कसला थोडं दुखतं, जोराच्या खोकल्यात छातीच्या मधोमध जळजळल्यासारखं होतं ते तिथलं.

हे पुस्तकी वाटत असेल तर सांगतो, आम्ही हे हाताखाली बघत असतो. फुफ्फुसातल्या गाठीची सीटी बघत बायोप्सी करताना आधी कातडीत लिग्नोकेनची भूल देतो, मग सुई हळूहळू स्नायूंतून आत जाते तोवर पेशंट शांत असतो, आणि सुई बाहेरच्या पदराला टेकली की एकदम दचकतो, "दुखलं" म्हणतो. म्हणून तिथं पोचायच्या जरा आधी थांबून पदरालाच भूल नीट द्यायची असते, घाई केली की पेशंट दचकून श्वास ओढतो आणि सुईची दिशा बदलते. एकदा पदर पार झाला की पुढं सुई फुफ्फुसात दोन-तीन सेंटिमीटर आत गेली तरी पेशंटला कळत पण नाही. याच कारणानं फुफ्फुसाच्या मधल्या भागातली गाठ महिनोन्‌महिने न दुखता वाढू शकते आणि पहिल्यांदा दुखते ती छातीच्या भिंतीपर्यंत पोचल्यावर. "दुखत नव्हतं म्हणून दाखवलं नाही" हे वाक्य ऐकलं की फार वाईट वाटतं. म्हणून बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तीन आठवड्यांच्या वर खोकला राहिला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर दुखायची वाट बघू नये.

मग न्यूमोनिया फुफ्फुसाच्या आत होतो तर दुखतं कसं? न्यूमोनियाचा पट्टा फुफ्फुसाच्या कडेपर्यंत आला की आतला पदर सुजतो, त्यावर फायब्रिनचा चिकट थर बसतो आणि ती सूज समोरच्या बाहेरच्या पदरावर जाते. तिथल्या नर्व्हच्या टोकांवर प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिन अशी द्रव्यं जमतात, त्यांनी ती टोकं इतकी हळवी होतात की एरवीचं साधं सरकणं आणि ताणणं सुद्धा सुरीसारखं लागतं. म्हणून दुखणं श्वास आत घेताना, खोकताना, शिंकताना, जांभई देताना येतं आणि श्वास रोखला की थांबतं. स्टेथोस्कोप त्या जागी ठेवला तर कधीकधी नवीन चामड्याची चप्पल करकरावी तसा आवाज येतो, श्वास घेताना पण आणि सोडताना पण, आणि खोकून सुद्धा तो जात नाही. त्याला आम्ही प्लुरल रब म्हणतो. तो ऐकू आला तर दोन खरखरीत पदर एकमेकांवर घासतायत हे नक्की.

पेशंट अशा वेळी काय करतो, तर दुखऱ्या बाजूनं श्वासच घेत नाही. छाती आखडून धरतो, खोकला दाबतो, आणि बरेच जण दुखऱ्या कुशीवर झोपतात कारण त्यानं ती बाजू हलत नाही. बघणाऱ्याला उलटं वाटतं, पण त्याला खरंच बरं वाटत असतं. मात्र दिवसेंदिवस असं उथळ श्वास घेत राहिलं तर खालचं फुफ्फुस नीट उघडत नाही, कफ तिथंच राहतो. म्हणून पेनकिलर नुसत्या आरामासाठी नसते, श्वास मोकळा घेता यावा म्हणून असते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या इथं चांगल्या चालतात कारण त्या प्रोस्टाग्लँडिनच कमी करतात, पण जेवणानंतर, आणि किडनीचा, अल्सरचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नको.

आता खांद्याचं. बाहेरच्या पदराला सगळीकडे इंटरकॉस्टल नर्व्ह जात नाहीत. हृदयाच्या बाजूचा भाग आणि डायफ्रॅमवरचा मधला भाग फ्रेनिक नर्व्हकडे असतो, आणि ही फ्रेनिक नर्व्ह निघते मानेतून, सी३, सी४, सी५ या मुळांतून. एवढ्या लांबून यायचं कारण असं की गर्भात डायफ्रॅमचा मुख्य भाग मानेच्या पातळीला तयार होतो आणि मग खाली सरकतो, येताना आपली नर्व्ह सोबत घेऊन येतो. खांद्याच्या वरच्या कातडीच्या नर्व्ह पण सी३-सी४ मधूनच निघतात. म्हणजे डायफ्रॅमचा आणि खांद्याचा निरोप मज्जारज्जूत एकाच ठिकाणी पोचतो, मेंदूला रोजची ओळख खांद्याची आहे, तो धरून चालतो की खांदाच दुखतोय. तुमच्या भावाचं दुखणं बरगडीत आणि खांद्यात दोन्हीकडे होतं, म्हणजे सूज बहुतेक उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी, डायफ्रॅमवर टेकलेल्या भागात आहे असा माझा अंदाज. लिव्हरच्या वर, डायफ्रॅमखाली पू झाला तरी असाच खांदा दुखतो, म्हणून तपासताना पोटावर पण हात ठेवावाच लागतो.

डायफ्रॅमच्या कडेचा भाग परत खालच्या इंटरकॉस्टल नर्व्हकडे आहे, आणि त्या पुढं पोटाच्या भिंतीत उतरतात. म्हणून तिथली सूज पोटात दुखते. लहान मुलांत हे फार फसवं असतं, ताप, उलटी, उजव्या पोटात दुखणं, सगळे अपेंडिक्स समजतात आणि निघतो उजव्या तळाचा न्यूमोनिया. अशा मुलाचे श्वास मोजले तर वाढलेले असतात, नाकपुड्या फुलतात, तेवढं एक मिनिट घड्याळ धरून मोजलं तरी वाट सापडते.

एक केस सांगतो, ओळख लागेल असं काही न सांगता. तिशीच्या आतला मुलगा, गोडाऊनमध्ये काम, त्याचा उजवा खांदा दुखायला लागला. जड उचलल्यानं उसण भरली असं सगळ्यांनी धरलं, बाम झाला, शेक झाला, नंतर खांद्याचे व्यायाम पण झाले. माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला हात वर, मागे, गोल फिरवायला लावला, सगळं मोकळं, काहीच दुखलं नाही. खांदा दाबला तरी दुखला नाही. मग म्हटलं जोरात श्वास घे, तर अर्ध्यातच थांबला आणि खांदा धरला. खांद्याच्या सांध्याचं दुखणं असतं तर हात हलवल्यावर वाढायला पाहिजे होतं, इथं ते श्वासावर वाढत होतं. त्याला रोज संध्याकाळी कणकण होती, वजन चार किलो उतरलं होतं, हे विचारल्यावरच सांगितलं. त्यानंही तेच सांगितलं होतं, "आधी लई दुखत होतं, आता कमी आहे, आता फक्त दम लागते."

पाठीवर बोटानं ठोकून बघितलं तर उजवीकडे खालून अर्ध्यापर्यंत ठस्स, दगडी आवाज, आणि तिथं श्वासाचा आवाज जवळपास नाहीच. एक्स-रेत उजवा खालचा भाग पांढरा, वरची कड वाटीसारखी चढलेली. इथं सांगून ठेवतो की सरळ उभ्या एक्स-रेत पाणी दिसायला साधारण २०० मिली तरी जमावं लागतं, त्याहून कमी असेल तर एक्स-रे नॉर्मल वाटू शकतो आणि सोनोग्राफीत मात्र दिसतं. म्हणून शंका असेल आणि एक्स-रे साफ असेल तर छातीची सोनोग्राफी करून घ्या, सोपी तपासणी आहे.

सोनोग्राफीत जागा बघून पाणी काढलं. सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला घासून घालतो, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला खाचेत शीर, धमनी आणि तीच इंटरकॉस्टल नर्व्ह एकत्र जात असते. पाणी गवती पिवळं, प्रोटीन ५.२ ग्रॅम, रक्तातलं प्रोटीन ७, म्हणजे गुणोत्तर अर्ध्याच्या बरंच वर, त्यामुळे हे सुजेचं पाणी, हार्ट किंवा किडनीमुळे झिरपलेलं नाही. पेशींत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ९० टक्के आणि टीबीच्या पाण्यात वाढणारं एडीए हे एन्झाइम ६८. टीबीचा आजार इतका सर्रास असलेल्या आपल्या भागात तरुण माणसाला ताप, लिम्फोसाइटवालं पाणी आणि एडीए ४० च्या वर असेल तर प्लुराचा टीबी जवळपास धरूनच चालतात. पाण्यात टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली, त्यावरून टीबी नाही असं ठरवायचं नसतं, कारण या पाण्यात जंतू फारच थोडे असतात, सूज असते ती शरीराच्या प्रतिकाराची. सरकारी कार्यक्रमात नाव नोंदवून ६ महिन्यांचं औषध मोफत सुरू झालं.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर येतो, दुखणं कमी का झालं. सुरुवातीला दोन पदर कोरडे-खरखरीत, एकमेकांना घासत होते म्हणून भोसकत होतं. मग सुजेतून पाणी झिरपलं, मध्ये थर जमला, पदर एकमेकांपासून सुटले, घासणं बंद, दुखणं बंद. रबचा आवाज पण त्याच वेळी जातो. पण पाणी जागा व्यापतं, फुफ्फुस खालून दबतं, म्हणून धाप. आजार पुढं सरकलेला असतो आणि घरच्यांना वाटतं गोळीनं गुण आला. याच मुलाचं आम्ही पहिल्या वेळी जवळपास एक लिटर पाणी हळूहळू काढलं (एका बैठकीत दीड लिटरच्या वर सहसा काढत नाही, खोकला किंवा छातीत आवळल्यासारखं झालं तर त्याआधीच थांबायचं), धाप लगेच कमी झाली, आणि संध्याकाळी तो तक्रार करत होता की बरगडीत परत टोचतंय. घाबरायचं कारण नव्हतं, फुफ्फुस फुगून भिंतीला येऊन टेकलं, सुजलेले पदर परत भेटले, म्हणून टोचलं. पण अशा वेळी एकदा एक्स-रे काढून हवा तर शिरली नाही ना हे बघावंच लागतं, नुसत्या अंदाजावर सोडत नाही.

तुमच्या भावाला टीबीच असेल असं मी म्हणत नाही. दहा दिवसांचा ताप आणि दुखणं म्हटलं की साध्या न्यूमोनियाच्या शेजारी पाणी किंवा पू होणं पण तितकंच शक्य आहे, आणि पू असेल तर गोळ्यांनी भागत नाही, नळी घालून तो काढावा लागतो, उशीर झाला की जाळी बनून फुफ्फुस अडकतं. हे फक्त पाणी तपासूनच कळतं. एक्स-रेत पाणी दिसलं तर "अँटिबायोटिक देऊन बघू, आठवड्यानं या" यावर समाधान मानू नका, पाणी काढून तपासायला चेस्टवाल्याकडे जा, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये जा, जिथं सोय असेल तिथं जा.

आणि काही वेळा आठवडाच काय, तासभर पण थांबायचं नसतं. अचानक एका क्षणात दुखणं आणि धाप सुरू झाली तर फुफ्फुस फुटून हवा शिरलेली असू शकते, उंच-सडपातळ तरुणांत आणि सिगारेट ओढणाऱ्यांत विशेष. पायाला प्लास्टर, मोठं ऑपरेशन, नुकतंच बाळंतपण झालेली बाई, एक पोटरी सुजलेली, आणि मग असं दुखणं, तर रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेल्याचा संशय धरायचा. इथं पण नर्व्हचाच हिशोब आहे. छोटी गुठळी कडेपर्यंत जाऊन अडकते, कडेचा तुकडा मरतो, पदर सुजतो, म्हणून भोसकतं. मोठी गुठळी मधल्या मोठ्या रक्तवाहिनीत बसते, तिथं दुखणारा पदर नाही, त्यामुळे माणसाला टोचत नाही, तो घामाघूम होऊन चक्कर येऊन पडतो. म्हणजे जास्त दुखतं तो जास्त गंभीर, असा हिशोब इथं चालत नाही. गुठळीत साधा एक्स-रे नॉर्मल असू शकतो, त्यासाठी सीटी अँजिओग्राफी लागते.

आपल्या विदर्भात अजून एक गोष्ट विचारायलाच पाहिजे, घरात कुणाला सिकलसेल आहे का. सिकलसेलच्या पेशंटला बरगडीच्या हाडातच रक्त अडून दुखतं, तो दुखण्यामुळं श्वास उथळ घेतो, ऑक्सिजन कमी पडतो, त्यानं रक्तातल्या अजून पेशी वाकड्या होतात आणि दोन दिवसांत एक्स-रेत फुफ्फुस पांढरं दिसू शकतं. ताप, छातीत दुखणं आणि सिकलसेल असेल तर घरी गोळ्या देऊन थांबू नका, सरळ ॲडमिट करा.

दाबून बघायचं का असं बरेच जण विचारतात. दाबल्यावर नेमकं तेच दुखणं आलं तर स्नायूचं किंवा बरगडीच्या कूर्चेचं असण्याची शक्यता वाढते, पण तेवढ्यावर प्लुराचं नाही असं म्हणता येत नाही, सुजेच्या वरची जागा पण कधीकधी दाबल्यावर हुळहुळते. ताप, धाप, वजन उतरणं, थुंकीत रक्त यातलं काहीही सोबत असेल तर दाबून बघण्याला अर्थ नाही.

भावाचं बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन बघा, बसून असताना आणि दोन मिनिटं चालवून. ९४ च्या खाली असेल, चालल्यावर तीन-चार आकड्यांनी उतरत असेल, किंवा श्वास मिनिटाला २४ च्या वर असतील तर एक्स-रेसाठी सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत न्या. एक्स-रे काढताना "उभा राहून, श्वास ओढून" असा काढायला सांगा, झोपून काढला तर पाणी मागे पसरतं आणि नुसतं धुरकट दिसतं. रिपोर्ट आला की इथंच कळवा, दुखणं नेमक्या कोणत्या तारखेला कमी झालं आणि धाप कधी सुरू झाली ते पण लिहा.